एका ताळेबंदाचे तीन गट: रोख प्रवाहाच्या धड्याची कामनोंद

४ जुलै

रोख प्रवाह विवरणपत्राच्या धड्याला आज हात घातला. जुन्या मसुद्यात आधी व्याख्या आहेत, मग बाबींची एक लांबलचक यादी आणि प्रत्येक बाबीसमोर तिचा गट. यंत्र विकत घेतलं की इन्व्हेस्टिंग, कंपनीचे भाग म्हणजे शेअर विकले की फायनान्सिंग, ग्राहकाने पैसे दिले की ऑपरेटिंग. ही यादी पाठ करून परीक्षेतला प्रश्न सुटतो. पण खरा ताळेबंद हातात आला की गाडी अडते, कारण ताळेबंदात बाबी लिहिलेल्याच नसतात, नुसत्या शिलका असतात. "देणी ९० होती, १२५ झाली" एवढंच तिथे दिसतं. त्या ३५ च्या पोटात काय दडलंय ते कोणी सांगत नाही.

म्हणून यादी काढून टाकायची आणि तिच्या जागी एकच छोटं उदाहरण घ्यायचं असं ठरलं. एका वर्षाचा ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि चार-पाच टिपा. विद्यार्थ्याने प्रत्येक फरक उकलायचा, त्यातून पैसा कशासाठी आला किंवा गेला ते शोधायचं आणि मगच त्याला गटात बसवायचं. धड्यात मी कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा हे शब्द वापरणार आहे. ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग, फायनान्सिंग हे शब्द पहिल्या पानावर एकदा येतील.

व्याख्या मात्र नीट घ्यायला हव्यात. आयएएस ७ या आंतरराष्ट्रीय मानकाची मांडणी मला इथे उपयोगी वाटते. मुख्य उत्पन्न देणारे व्यवहार म्हणजे कामकाज, आणि शिवाय जे उरलेल्या दोन्ही गटांत बसत नाही तेही कामकाजच. हा "उरलेलं सगळं इथे" भाग बऱ्याच पुस्तकांतून गळतो. दीर्घ मुदतीच्या मालमत्ता आणि रोकड-समान नसलेल्या गुंतवणुका घेणं-विकणं म्हणजे गुंतवणूक. भांडवल आणि कर्ज यांचा आकार बदलणारे व्यवहार म्हणजे वित्तपुरवठा.

५ जुलै

आकडे जुळवले. चलन मुद्दाम लिहिलेलं नाही, सगळे आकडे हजारांत आहेत असं समजायचं. व्यवसाय म्हणजे माल विकत घेऊन विकणारी एक छोटी कंपनी.

| ताळेबंद | सुरुवात | अखेर |
|---|---|---|
| रोख व बँक | ६० | ३३ |
| बँकेतील मुदत ठेवी | ० | ४० |
| ग्राहकांकडून येणे | १४० | १७० |
| मालसाठा | ११० | ९५ |
| यंत्रे, मूळ किमतीला | ५०० | ६२० |
| वजा: संचित घसारा | १५० | १७० |
| एकूण मालमत्ता | ६६० | ७८८ |
| देणी | ९० | १२५ |
| व्याज देय | ४ | ६ |
| कर देय | १२ | १५ |
| दीर्घ मुदतीचे कर्ज | २०० | २३० |
| भागभांडवल | २०० | २३० |
| राखीव नफा | १५४ | १८२ |
| एकूण | ६६० | ७८८ |

नफा-तोटा पत्रक असं: विक्री ९००, विकलेल्या मालाची किंमत ५६०, पगार व इतर खर्च १७०, घसारा ७०, यंत्र विक्रीचा नफा १२, व्याज २०. करापूर्वीचा नफा ९२, कर २४, करोत्तर नफा ६८.

आता टिपा. ८० मूळ किमतीचं एक जुनं यंत्र ४२ ला रोखीने विकलं, त्यावर तोवर ५० घसारा जमला होता. नवं कर्ज ६० घेतलं आणि जुन्यापैकी ३० फेडलं. नवे भाग रोखीने विकले. लाभांश ४० दिला. मुदत ठेवींपैकी ३० एक वर्षाची आहे आणि १० दोन महिन्यांची. या दोन्ही ठेवी वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात ठेवल्या, त्यामुळे त्यांच्या व्याजाचा प्रश्न नाही. नवं यंत्र काही रोखीने आणि काही उधारीवर घेतलं, वर्षअखेर यंत्रवाल्याचे २५ द्यायचे बाकी आहेत.

नव्या यंत्राची किंमत मुद्दाम सांगितलेली नाही. ती शोधणं हाच अभ्यासाचा पहिला भाग.

७ जुलै

यंत्रांचं खातं. विद्यार्थी ताळेबंदावरून ६२० वजा ५०० करतो आणि १२० ची खरेदी झाली असं धरून चालतो. वर्षभरात काहीच विकलं नसेल तरच हे खरं ठरेल. खातं मांडलं की चित्र उघडं पडतं.

```
यंत्रे खाते (मूळ किंमत)
सुरुवातीची शिल्लक      ५००
वजा: विकलेले यंत्र       ८०
                       ----
                        ४२०
अधिक: नवी खरेदी          ?
                       ----
अखेरची शिल्लक           ६२०
```

प्रश्नचिन्हाच्या जागी २०० येतात. खरेदी १२० नसून २०० आहे.

संचित घसाऱ्याचं खातं तशाच पद्धतीने तपासलं. सुरुवातीचे १५०, त्यातून विकलेल्या यंत्राबरोबर गेलेले ५० वजा, राहिले १००, आणि अखेर १७०. म्हणजे वर्षाचा घसारा ७०. नफा-तोटा पत्रकातही ७० च आहे. ही जुळणी विद्यार्थ्याकडून करून घेतलीच पाहिजे. इथे फरक निघाला तर एक तर विक्रीची नोंद अर्धवट झालेली असते किंवा एखादं यंत्र भंगारात काढून त्याची टीपच दिलेली नसते.

यंत्र मूळ किमतीतून घसारा वजा करून एकाच ओळीत दाखवणाऱ्या ताळेबंदात ही दोन्ही खाती एकत्र मिसळलेली असतात. सुरुवातीला ३५०, अखेर ४५०, बस. तेव्हा खातंही एकत्रच मांडायचं: ३५० वजा विकलेल्याची पुस्तकी किंमत ३०, वजा घसारा ७०, उरले २५०, अखेर ४५०, म्हणून खरेदी २००. उत्तर तेच. ही दुसरी रीत सरावाच्या प्रश्नात ठेवली.

८ जुलै

विकलेल्या यंत्राची पुस्तकी किंमत ८० वजा ५० म्हणजे ३०. ते ४२ ला गेलं, नफा १२. आता रोख किती आली? ४२. ती कुठे जाईल? सगळीच्या सगळी गुंतवणुकीच्या गटात.

मग नफ्यातल्या १२ चं काय? तो करापूर्वीच्या ९२ मध्ये आधीच मिसळलेला आहे, आणि आपण कामकाजाच्या रोखीची गणना त्या ९२ पासून सुरू करतो. तो काढला नाही तर तेच १२ दोनदा मोजले जातील: एकदा नफ्याच्या पोटातून कामकाजात, आणि दुसऱ्यांदा ४२ च्या पोटातून गुंतवणुकीत. म्हणून कामकाजातून १२ वजा.

मसुदा वाचणाऱ्या विद्यार्थिनीने इथे विचारलं, "सर, नफा झाला तरी वजा? नफा म्हणजे पैसे आलेच ना?" प्रश्न रास्त आहे. पैसे आले, पण ते माल विकून आले नाहीत, यंत्र विकून आले. वजाबाकीचा अर्थ "हा पैसा आला नाही" असा नसून "हा पैसा या गटाचा नाही, त्याच्या घरी पाठवतोय" असा आहे. धड्यात हे वाक्य जवळपास असंच घातलं.

घसाऱ्याचे ७० मिळवण्यामागचं कारण वेगळं आहे, तेही तिथेच लिहून टाकलं. घसाऱ्यातून रोख येत नाही. नफा काढताना ७० वजा केले होते, पण त्यांच्यासाठी या वर्षी बँकेतून काहीच गेलं नाही, म्हणून ती वजाबाकी परत घेतो. "घसारा हा रोखीचा स्रोत आहे" असं म्हणायची सवय काही ठिकाणी दिसते. ते चूक आहे. घसारा ७० ऐवजी १०० लावला तर नफा ३० ने घटेल आणि मिळवणी ३० ने वाढेल. कर सोडला तर रोकड जागची हलणार नाही.

११ जुलै

आज सगळा वेळ एकाच ओळीवर गेला: देणी ९० वरून १२५. माझ्या मते या धड्याचं सार याच ओळीत आहे.

सर्वसाधारण नियम असा शिकवला जातो: चालू देणी वाढली तर कामकाजात मिळवा, घटली तर वजा करा. कारण सरळ आहे. मालाचा खर्च नफ्यात पूर्ण धरलेला असतो, पण पुरवठादाराला तेवढे पैसे दिलेले नसतात, म्हणून न दिलेला भाग परत मिळवायचा. नियम बरोबर आहे, पण तो मालाच्या देण्याला लागू आहे. ताळेबंदात मात्र "देणी" अशी एकच ओळ असते आणि तिच्यात मालाचे पुरवठादार, यंत्रवाला, दुरुस्तीवाला, सगळे एकत्र बसलेले असतात.

टीप सांगते की १२५ पैकी २५ यंत्रवाल्याचे आहेत. म्हणजे मालाचं देणं ९० वरून १०० झालं, वाढ फक्त १०. कामकाजात मिळवायचे ते १०. उरलेले २५ कामकाजाचे नाहीत, कारण त्यांच्यासाठी नफ्यात कुठलाच खर्च धरलेला नव्हता. जो खर्च वजाच झाला नाही तो परत मिळवण्याचा प्रश्नच येत नाही.

गुंतवणुकीच्या बाजूला खरेदी २०० ची आहे, पण बँकेतून गेले १७५. विवरणपत्रात १७५ च येतील. उधारीचे २५ हा बिनरोख व्यवहार आहे, तो विवरणपत्राबाहेर टिपेत सांगायचा. आयएएस ७ मध्येही असे गुंतवणुकीचे आणि वित्तपुरवठ्याचे बिनरोख व्यवहार विवरणपत्रातून वगळून इतरत्र उघड करायला सांगितलं आहे.

आता चूक झाली तर काय होतं ते मांडलं. समजा कोणी ३५ ची पूर्ण वाढ कामकाजात घेतली आणि खरेदी पूर्ण २०० दाखवली. कामकाज २५ ने फुगलं, गुंतवणूक २५ ने खाली गेली. बेरजेत फरक शून्य. अखेरची रोकड बिनचूक जुळते, विद्यार्थी पेन खाली ठेवतो, आणि विवरणपत्र चुकीचं असतं.

सहलेखिका ताईंचं म्हणणं पडलं की ही गोष्ट तळटीपेत टाकावी, कारण प्राथमिक धड्याला ती जड होईल. मी तयार झालो नाही. कामकाजाचा आकडा म्हणजे वाचणारा पहिल्यांदा जो आकडा बघतो तो. धंदा स्वतःच्या पायावर किती रोख कमावतो हे त्यावरून ठरवलं जातं. उधारीवर यंत्र घेतल्याने तो आकडा वाढलेला दिसत असेल, तर विवरणपत्र वाचणाऱ्याला सरळसरळ फसवतं. बोलणं झाल्यावर ताई म्हणाल्या, "मग तळटीप नको, पण दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी दाखवा, तरच पोरांच्या डोक्यात बसेल." तसंच करतोय.

१२ जुलै

ग्राहकांचं येणं आणि मालसाठा पटकन उरकले. येणं ३० ने वाढलं, म्हणजे ९०० च्या विक्रीपैकी ८७० च हातात आले, वजा ३०. मालसाठा १५ ने घटला, म्हणजे ५६० चा माल विकला पण विकत घेतला ५४५ चाच, अधिक १५. इथेही एक खबरदारी आहे: येण्याच्या ओळीत विकलेल्या यंत्राचे येणे बाकी पैसे बसलेले नाहीत ना? आपल्या उदाहरणात ४२ रोखीने आलेत, त्यामुळे नाहीत. पण सरावाच्या एका प्रश्नात ४२ पैकी १२ बाकी ठेवले आहेत. मग गुंतवणुकीत ३० येतील आणि येण्यातली वाढ काढताना ते १२ बाजूला करावे लागतील.

कर: सुरुवातीला देय १२, वर्षाचा २४, अखेर देय १५. भरला २१. हा कामकाजात. एखाद्या करभरणीचा संबंध गुंतवणुकीच्या किंवा वित्तपुरवठ्याच्या नेमक्या व्यवहाराशी जोडता आला तर ती त्या गटात जाते, पण छोट्या उदाहरणात तसं जोडणं ओढूनताणून होईल. कामकाजातच ठेवला.

१५ जुलै

व्याज. इथे शिकवणाऱ्यालाही थबकावं लागतं, कारण उत्तर कोणतं मानक पाळता त्यावर ठरतं.

आधी रक्कम. देय ४, वर्षाचा खर्च २०, अखेर देय ६, म्हणून भरलेलं व्याज १८. नफा-तोटा पत्रकातले २० उचलून विवरणपत्रात टाकणं ही नेहमीची घाई. आणि देय व्याजातली २ ची वाढ "चालू देणी" म्हणून कामकाजात मिळवणं ही त्याच घाईची पुढची पायरी. देय व्याजाचं खातं व्याजाबरोबरच जातं, मग व्याज कुठल्याही गटात ठेवा.

आता गट. आयएएस ७ मध्ये भरलेलं व्याज कामकाजात किंवा वित्तपुरवठ्यात दाखवायची मुभा होती, फक्त दरवर्षी एकच पद्धत पाळायची. अमेरिकी नियमांत भरलेलं व्याज कामकाजात जातं आणि भरलेला लाभांश वित्तपुरवठ्यात. त्यामागचा विचार असा की व्याज नफ्यातून वजा होतं, लाभांश होत नाही. दुसऱ्या बाजूचा विचार असा की व्याज हे कर्जाचं मोल आहे, म्हणून ते कर्जाशेजारी शोभतं. दोन्ही बाजूंना वजन आहे, आणि विद्यार्थ्याला दोन्ही कळायला हव्यात.

मात्र आता आयएफआरएस १८ हे नवं आंतरराष्ट्रीय मानक आलं आहे. ते एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं आणि १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू होतं. त्याने आयएएस ७ मधली ही मुभा बहुतेक कंपन्यांसाठी काढून टाकली: भरलेलं व्याज वित्तपुरवठ्यात, मिळालेलं व्याज आणि मिळालेला लाभांश गुंतवणुकीत, भरलेला लाभांश वित्तपुरवठ्यात. कर्ज देणं किंवा गुंतवणूक करणं हाच ज्यांचा मुख्य धंदा आहे त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत. आणखी एक बदल म्हणजे अप्रत्यक्ष पद्धतीत, जिथे नफ्यापासून निघून रोखीपर्यंत येतो, गणना कार्यकारी नफ्यापासून सुरू करायची. आपल्या उदाहरणात तो ९२ अधिक २०, म्हणजे ११२. मग व्याज परत मिळवायची पायरीच उरत नाही.

धड्यात व्याज वित्तपुरवठ्यात ठेवलं. शेजारी एक ओळ: तेच १८ कामकाजात ठेवले तर कामकाजाची रोकड १४४ ऐवजी १२६ दिसेल. धंदा तोच, बँकखातं तेच. म्हणून दोन कंपन्यांच्या कामकाजाच्या रोखीची तुलना करण्याआधी व्याज कुठे ठेवलंय ते बघायचं.

१६ जुलै

मुदत ठेवी. ताळेबंदात ४० ची एक ओळ, पण तिचे दोन तुकडे. दोन महिन्यांची १० ची ठेव रोकड-समान आहे: घेतल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आत पिकणारी आणि किमतीत फरक पडायची भीती जवळपास नसलेली. बँकेतून या ठेवीत पैसे टाकणं म्हणजे रोकड एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ठेवणं. ते विवरणपत्रात येतच नाही. एक वर्षाची ३० ची ठेव मात्र गुंतवणूक, ती तिथे वजा.

मुदत मोजायची ती ठेव घेतली त्या दिवसापासून, ताळेबंदाच्या तारखेपासून नव्हे. एक वर्षाच्या ठेवीची मुदत संपायला वर्षअखेर दोनच महिने उरले असले तरी ती रोकड-समान होत नाही. अनुभवी मंडळीही इथे चुकतात, म्हणून ही ओळ जाड ठशात.

म्हणजे अखेरची रोकड व रोकड-समान ३३ अधिक १०, एकूण ४३. विवरणपत्राचा शेवट या ४३ वर यायला हवा, ३३ वर नाही.

१९ जुलै

पूर्ण उत्तर लिहून काढलं.

| विवरणपत्र | |
|---|---|
| करापूर्वीचा नफा | ९२ |
| घसारा | ७० |
| यंत्र विक्रीचा नफा | −१२ |
| व्याज खर्च | २० |
| येण्यातली वाढ | −३० |
| मालसाठ्यातली घट | १५ |
| मालाच्या देण्यातली वाढ | १० |
| भरलेला कर | −२१ |
| कामकाजातून | १४४ |
| यंत्र खरेदी, रोख दिलेले | −१७५ |
| यंत्र विक्री | ४२ |
| एक वर्षाची ठेव | −३० |
| गुंतवणुकीत | −१६३ |
| नवे कर्ज | ६० |
| कर्जफेड | −३० |
| भाग विक्री | ३० |
| भरलेले व्याज | −१८ |
| भरलेला लाभांश | −४० |
| वित्तपुरवठ्यातून | २ |
| एकूण बदल | −१७ |
| सुरुवातीची रोकड | ६० |
| अखेरची रोकड व रोकड-समान | ४३ |

कर्ज दोन ओळींत आहे याकडे लक्ष वेधायचं. ताळेबंदात ३० चाच फरक दिसतो, पण ६० घेतले आणि ३० फेडले या दोन वेगळ्या घटना आहेत. निव्वळ ३० दाखवले तर बेरीज बिघडत नाही, पण कंपनीला नवं कर्ज मिळालं आणि तिने जुनं फेडलं, या दोन्ही बातम्या हरवतात. लाभांश पक्का करायला राखीव नफ्याचं खातं: १५४ अधिक ६८ वजा ४०, म्हणजे १८२. जुळतं.

कामकाजाचे १४४ प्रत्यक्ष पद्धतीनेही काढून बघितले. ग्राहकांकडून ८७०. पुरवठादारांना: ५४५ चा माल, त्यातून देण्यातली १० ची वाढ वजा, म्हणून ५३५. पगार व इतर १७०, कर २१. ८७० वजा ५३५ वजा १७० वजा २१, बरोबर १४४.

२२ जुलै

आज मसुदा काही विद्यार्थ्यांना सोडवायला दिला. त्यांच्या चुका एका कागदावर गोळा केल्या आणि दोन ढीग झाले. धड्यातला "तपासणी" हा भाग मी या ढिगांवरच उभा करतोय.

पहिल्या ढिगातल्या चुका बेरीज मोडतात, त्यामुळे त्या आपोआप पकडल्या जातात. यंत्र विक्रीचा नफा वजा केला नाही तर अखेरचा आकडा १२ ने जास्त येतो, ५५ होतो. भरलेल्या व्याजाच्या जागी २० लिहिले तर २ ने कमी. दोन महिन्यांची ठेव गुंतवणुकीत टाकून शेवट ४३ वर आणायचा प्रयत्न केला तर १० चा फरक. फरकाचा आकडाच बऱ्याचदा चुकीचं नाव सांगतो: १२ दिसले की विक्रीचा नफा शोधा, २ दिसले की देय व्याज.

दुसऱ्या ढिगातल्या चुका बेरजेला धक्काही लावत नाहीत. यंत्रवाल्याचे २५ कामकाजात गेले तरी शेवट ४३ च. यंत्र विक्रीचा नफा कामकाजात राहू दिला आणि गुंतवणुकीत ४२ ऐवजी पुस्तकी किंमत ३० लिहिली, तरी शेवट ४३ च. एका मुलाने नेमकं हेच केलं होतं आणि उत्तर जुळलं म्हणून तो निश्चिंत होता.

मग या कशा पकडायच्या? प्रत्यक्ष पद्धत उपयोगी पडेल असं वाटतं, पण २५ च्या चुकीवर तीही चालत नाही. देण्याची पूर्ण ३५ ची वाढ धरून पुरवठादारांना दिलेले पैसे काढले तर ५४५ वजा ३५ म्हणजे ५१० येतात आणि कामकाज १६९ होतं. अप्रत्यक्ष पद्धतीतही तेच १६९ आलं होतं. दोन्ही वाटा एकाच चुकीच्या शिलकेतून निघाल्या, त्यामुळे एकमेकींना दुजोरा देतात आणि दोघीही चुकतात.

उपाय ताळेबंदाबाहेर आहे. बँक पुस्तकातून यंत्रवाल्याला गेलेल्या रकमांची बेरीज करायची: ती १७५ आहे, २०० नाही. यंत्र विक्रीची जमा बघायची: ४२ आहे, ३० नाही. गुंतवणूक आणि वित्तपुरवठा या गटांतल्या ओळी थोड्या असतात, प्रत्येक ओळ बँकेतल्या नोंदीशी एकेक करून पडताळता येते. ते दोन गट असे पक्के झाले की उरलेली रक्कम कामकाजाची, तिथे लपायला जागा राहत नाही. त्यासाठी उदाहरणाला बँक पुस्तकाचं एक संक्षिप्त पान जोडलं. त्यात यंत्रवाल्याला दोन हप्त्यांत दिलेले १०० आणि ७५ स्वतंत्र दिसतात.

२४ जुलै

ताईंनी शेवटचा प्रश्न पाठवला: पुढच्या वर्षी यंत्रवाल्याचे २५ दिले की ते कुठे? गुंतवणुकीत, वजा २५. यंत्र आदल्या वर्षी आलं असलं तरी पैसा आता जातोय, आणि तो यंत्रासाठीच जातोय. त्या वर्षी देणी घटलेली दिसतील, तेव्हा ते २५ बाजूला काढूनच मालाच्या देण्यातला फरक मोजायचा. नाहीतर या वर्षी टाळलेली चूक पुढच्या वर्षी उलट्या चिन्हाने घुसेल.

विक्रेत्याने काही आठवड्यांची उधारी न देता काही वर्षांचे हप्ते बांधून दिले असते, तर मात्र तो विक्रेता आणि कर्ज देणाराही झाला असता. अमेरिकी नियमांत अशा हप्त्यांतली मुद्दल वित्तपुरवठ्यात दाखवतात. हा फाटा मुख्य धड्यात नको, शेवटच्या सरावप्रश्नात घेतला आहे.

धंद्याच्या स्वरूपावर एक परिच्छेद जोडून धडा ताईंकडे पाठवला. हीच यंत्रं विकणं हा कंपनीचा धंदा असता, तर खरेदीचे १७५ आणि विक्रीचे ४२ दोन्ही कामकाजात गेले असते, कारण तिच्यासाठी ती यंत्रं म्हणजे माल. कर्ज देणाऱ्या बँकेने ग्राहकाला दिलेलं कर्जही तसंच कामकाजात. उलट, जाहिरातीवर किंवा प्रशिक्षणावर केलेल्या खर्चाला बोलताना कोणी गुंतवणूक म्हटलं तरी तो गुंतवणुकीच्या गटात जात नाही. आयएएस ७ नुसार ज्या खर्चातून ताळेबंदात मालमत्ता उभी राहते तोच तिथे बसतो. उदाहरणातल्या १७० इतर खर्चांत जाहिरात असल्याची एक टीप घालायची आहे, म्हणजे हा मुद्दा आकड्यांतूनच विचारता येईल.